प्रकल्पाचा विषय निवडताना गुण कसे द्यावेत: आवड, व्यवहार्यता, नावीन्य आणि सुरक्षितता

नववीतल्या एका विद्यार्थिनीने जुलैमध्ये मला तिचा तक्ता दाखवला. विज्ञान प्रकल्पासाठी चार विषय होते आणि प्रत्येकाला चार निकषांवर दहापैकी गुण दिले होते. मोबाइलवरचे जिवाणू वाढवून मोजणे या विषयाला आवड १०, व्यवहार्यता ८, नावीन्य ८ आणि सुरक्षितता २, असे एकूण २८ गुण. मातीच्या आणि स्टीलच्या भांड्यातल्या दह्याला २७, माठातलं पाणी किती गार होतं याला २७, गांडूळखत आणि मेथीला २६. एका गुणाने जिवाणू पहिले आले. जिवाणू वाढवायच्या बश्या कुठे ठेवणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, "फ्रिजच्या वर, तिथे ऊब असते ना." त्याच फ्रिजमध्ये घरातलं दूध आणि भाजी.

तिच्या बेरजेत चूक नव्हती, तक्त्याच्या रचनेत होती. सुरक्षिततेचे दोन गुण आवडीच्या दहा गुणांनी भरून निघाले. दरवर्षी मला असे तक्ते दिसतात आणि त्यांत हीच चूक असते. खाली तक्ता तयार करण्याची आणि वापरण्याची पद्धत क्रमाने दिली आहे. उदाहरण याच चार विषयांचं आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला गुण कसे बदलतात ते दिसेल.

## तयारी: तक्त्याआधीची तीन कामं

पहिलं काम म्हणजे विषय प्रश्नाच्या रूपात लिहिणे. "माठ" या शब्दाला गुण देता येत नाहीत. "माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश गार होतं?" याला देता येतात, कारण काय मोजायचं ते त्यात आलं. प्रश्नात मोजायची गोष्ट सापडत नसेल तर तो विषय अजून तक्त्यात घालू नका.

दुसरं काम म्हणजे बाहेरून आलेली बंधनं वहीच्या वरच्या भागात लिहिणे: किती आठवडे आहेत, खर्च किती करता येईल, मोजमापाची कोणती साधनं हाताशी आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसारख्या ठिकाणी मुख्य विषय आयोजकांनीच ठरवलेला असतो. त्यात न बसणारा प्रश्न कितीही चांगला असला तरी इथेच बाजूला काढा. आपल्या उदाहरणात हाताशी होते दहा आठवडे, पाचशे रुपये, एक-एक अंशाच्या खुणा असलेला शाळेचा तापमापक आणि घरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो क्षमतेचा डिजिटल काटा. आणि महिना होता जुलै. हा महिना पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

तिसरं काम म्हणजे विषय तीन ते पाचच ठेवणे. दहा विषय घेतले की मुलं शेवटच्या पाचांना डोळे मिटून गुण देतात.

## टप्पा १: आधी सुरक्षिततेचं दार

सुरक्षितता बेरजेत घ्यायची नाही. प्रत्येक विषयाला आधी ०, १ किंवा २ द्यायचे आणि ० मिळालेला विषय तिथेच थांबवायचा. त्याचे बाकीचे गुण काढायचेच नाहीत. काढले की मन त्याच्याकडे ओढ घेतं.

२ म्हणजे घरातल्या रोजच्या कामाइतकाच धोका. १ म्हणजे धोका आहे, पण तो नेमका कोणता आणि तो कसा टाळणार हे एका वाक्यात लिहिता येतं आणि त्या वेळी मोठं माणूस शेजारी असणार आहे. ० म्हणजे धोका घरात किंवा साध्या शाळेत आटोक्यात ठेवता येत नाही, किंवा त्यासाठी लागणारी परवानगी वेळेत मिळणार नाही.

गुण देताना पाच ठिकाणं तपासा. प्रयोगात माणसं आहेत का? (चव घ्यायला लावणे, रक्त किंवा नाडी मोजणे, खासगी प्रश्न विचारणे हे सगळं यात आलं.) प्राणी आहेत का? सूक्ष्मजीव वाढवायचे आहेत का? आग, रसायन किंवा घरातली २३० व्होल्टची वीज आहे का? आणि नमुना आणायला विहिरीच्या काठावर, नदीत किंवा हमरस्त्यावर जावं लागणार आहे का? शेवटचा प्रश्न बहुतेक तक्त्यांत नसतोच. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आणायला एकटं जाणं हाही प्रयोगाचाच भाग आहे.

मोबाइलवरच्या जिवाणूंना ० का, हे नीट समजून घ्या. मोबाइलवर मुळात जे थोडेसे सूक्ष्मजीव असतात, त्यांतले कोणते वाढतील हे आपल्याला माहीत नसतं. पोषक माध्यमावर दोन दिवस उबेत ठेवले की थोड्यांचे कोट्यवधी होतात, आणि त्यांत रोग करणारा एखादा असेल तर तोही तितकाच वाढतो. बशीचं झाकण निघालं, बशी फुटली किंवा ती कचऱ्यात तशीच टाकली, तर ते सगळं घरात पसरतं. आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याच्या, म्हणजे आयसेफच्या नियमांत घरी सूक्ष्मजीव वाढवायला सरळ बंदी आहे. माणसं, पृष्ठवंशीय प्राणी आणि धोकादायक जैविक घटक असलेल्या प्रयोगांना तिथे काम सुरू करण्याआधी मंजुरी लागते. प्रयोग झाल्यावर घेतलेली सही चालत नाही. अन्नावरच्या बुरशीच्या प्रयोगालाही बुरशी दिसताक्षणी थांबवलं तरच सूट मिळते.

बाकीच्या तीन विषयांना १ मिळाला. दह्यात उकळतं दूध आहे, शिवाय प्रयोगातलं दही खायचं नाही. गांडूळखताला हातमोजे हवेत, नंतर साबणाने हात धुवायचे. माठाला तिने सरळ २ दिले होते. मी ते १ केले, कारण पावसाळ्यात उघडं राहिलेलं साठलेलं पाणी म्हणजे डासांच्या अळ्यांची जागा. तोंड झाकायचं आणि खालच्या तबकातलं पाणी आठवड्याच्या आत ओतून कोरडं पुसायचं, असं एक वाक्य तक्त्यात लिहिलं.

सावधान: "काळजी घेऊ" हे वाक्य म्हणजे १ नव्हे. कोणाच्या हातून, कोणत्या वेळी, काय होऊ शकतं आणि तेव्हा शेजारी कोण असेल, एवढं लिहिता येत नसेल तर ० द्या.

## टप्पा २: गुणांचा अर्थ आधी लिहा

उरलेल्या तीन निकषांना १ ते ४ गुण. पाच ठेवले की मुलं सगळीकडे ३ देऊन मोकळी होतात. चार ठेवले की मधली जागा उरत नाही आणि या बाजूला की त्या बाजूला हे ठरवावंच लागतं. प्रत्येक आकड्याचा अर्थ विषयांकडे न बघता लिहायचा. नाहीतर लाडक्या विषयाला चांगले गुण मिळतील असाच अर्थ नकळत लिहिला जातो.

आवड. १ म्हणजे फक्त गुणांसाठी. २ म्हणजे दुसऱ्याने सुचवलं आणि बरं वाटलं. ३ म्हणजे या विषयावर कोणाच्याही मदतीशिवाय तीन वेगळे प्रश्न लिहिता येतात. ४ म्हणजे प्रकल्पाचं बोलणं निघण्याआधीच या गोष्टीत स्वतः काहीतरी करून किंवा निरखून पाहिलेलं आहे. "खूप आवडतो" हा पुरावा धरायचा नाही, लिहिलेले प्रश्न हा पुरावा.

व्यवहार्यता. इथे चार उपप्रश्नांना वेगवेगळे गुण द्यायचे: साधन, वेळ, प्रयोग पुन्हा-पुन्हा करता येणं आणि हंगाम. त्यांची सरासरी काढायची नाही. चारांतला सगळ्यात कमी गुण हाच व्यवहार्यतेचा गुण. साधन, वेळ आणि पुनरावृत्ती यांना ४ मिळाले आणि हंगामाला १, तर सरासरी सव्वातीन येते, पण प्रयोग मात्र होत नाही. १ म्हणजे अडतं. २ म्हणजे कोणाची तरी खास मदत मिळाली तरच. ३ म्हणजे थोडी जुळवाजुळव करून जमतं. ४ म्हणजे उद्या सकाळी सुरू करता येईल.

नावीन्य. १ म्हणजे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. २ म्हणजे नेहमीचाच प्रयोग, पण आपल्याकडच्या वस्तूंवर. ३ म्हणजे आपल्या परिस्थितीत एक गोष्ट बदलली तर उत्तर काय येईल हे आधी सांगता येत नाही. ४ म्हणजे शोधून, विचारूनही उत्तर मिळालं नाही. चार दिले की एकदा थांबून बघा. बरेचदा प्रश्नच धूसर असतो, म्हणून उत्तर सापडत नाही.

तपासणी: लिहिलेले अर्थ वर्गातल्या दुसऱ्या कोणाला द्या आणि तुमच्या एका विषयाला गुण द्यायला सांगा. तुमच्यात आणि त्याच्यात दोन गुणांचा फरक पडला तर अर्थ पुन्हा लिहा.

## टप्पा ३: वजन ठरवून बंद करा

मी आवडीला ३, व्यवहार्यतेला ४ आणि नावीन्याला ३ असं वजन देतो. प्रत्येक निकषात जास्तीत जास्त ४ गुण, म्हणून एकूण ४० पैकी. व्यवहार्यतेला जास्त का? शाळेतले जे प्रकल्प मी अर्धवट सुटलेले पाहिले, त्यांतले बहुतेक कंटाळ्याने सुटले नव्हते. साहित्य मिळालं नाही किंवा हंगाम निघून गेला म्हणून सुटले. तुमची गरज वेगळी असेल तर वजन बदला, पण ते गुण देण्याआधी पेनाने लिहा आणि मग हात लावू नका.

## टप्पा ४: गुण उभे द्या, आडवे नाही

सवयीने आपण एक विषय घेऊन त्याला सगळे गुण देतो आणि मग पुढच्या विषयाकडे जातो. त्यात पहिल्या रकान्यातला ४ पुढच्या रकान्यांनाही वर खेचतो. म्हणून आधी सगळ्या विषयांची आवड, मग सगळ्यांची व्यवहार्यता, मग सगळ्यांचं नावीन्य असे गुण द्या. दुसरा रकाना भरताना पहिला कागदाने झाका. आणि प्रत्येक आकड्याशेजारी कारणाचे चार-पाच शब्द लिहा.

आपले तीन विषय असे भरले:

| विषय | आवड ×३ | व्यवहार्यता ×४ | नावीन्य ×३ | एकूण |
|---|---|---|---|---|
| दही: माती की स्टील | ३ | ३ | २ | २७ |
| गांडूळखत आणि मेथी | २ | ४ | १ | २५ |
| माठातल्या पाण्याचं तापमान | ४ | १ | ३ | २५ |

माठाला व्यवहार्यतेत १ का मिळाला? माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं आणि त्याला एक खालची मर्यादा असते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. एप्रिलमध्ये हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ती मर्यादा साधारण २२ अंशांवर येते, म्हणजे फरकाला भरपूर जागा आहे. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर मर्यादा २७ च्या जवळ. जेमतेम एक-दीड अंशाचा फरक, आणि तापमापकाच्या खुणा एक-एक अंशाच्या! साधन, वेळ, पुनरावृत्ती सगळं असूनही जुलैत हा प्रश्न अडतो. याच मुलीने आधी त्याला दहापैकी ५ दिले होते, कारण "माठ घरात आहेच".

## टप्पा ५: सगळ्यात कमी गुणाची दुरुस्ती

पहिली बेरीज हा निकाल धरू नका. प्रत्येक विषयाचा सगळ्यात कमी गुण शोधा आणि प्रश्नात एकच बदल करून तो वर येतो का ते पाहा. विषय बदलायचा नाही, फक्त प्रश्नात काय मोजतो किंवा कशाची तुलना करतो तेवढंच बदलायचं.

दह्यात नावीन्य कमी होतं. मातीच्या भांड्यातलं दही घट्ट होतं, निवळी कमी सुटते, हे घरोघरी माहीत आहे. प्रश्न असा केला: "नव्या कोऱ्या गाडग्यात आणि वर्षभर दही लावलेल्या गाडग्यात निवळी सारखीच सुटते का?" याचं उत्तर वर्गात कोणालाच खात्रीने सांगता येईना. नावीन्य ३ झालं आणि एकूण ३०.

माठात अडचण तापमानाची होती. मग तापमान मोजायचंच कशाला? पाणी उडालं की वजन घटतं, आणि काटा एक ग्रॅम दाखवतो. बाजारात हल्ली बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेले माठ मिळतात. प्रश्न झाला: "रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या छोट्या माठातून २४ तासांत किती ग्रॅम पाणी कमी होतं?" दमट हवेत पाणी हळू उडतं, पण रात्रंदिवस उडत राहतं, म्हणून वजनातला फरक काट्यावर दिसण्याची आशा असते. व्यवहार्यता १ वरून ३ झाली. एकूण १२ + १२ + ९ = ३३.

गांडूळखताला कोणताच एक बदल सुचला नाही. आवडच कमी होती, म्हणून तो विषय सोडला.

सावधान: प्रश्न बदलला की सुरक्षिततेचा गुण पुन्हा द्यायचा. माठ घरी रंगवायचा ठरवला असता तर थिनरचा वास आणि ज्वलनशीलता आली असती. म्हणून रंगवलेला माठ विकतच घ्यायचा असं ठरलं आणि १ गुण कायम राहिला.

## टप्पा ६: फरक खरा आहे का?

३३ आणि ३०. माठ जिंकला असं म्हणायची घाई करू नका. या तक्त्यात एका निकषातला एक गुण इकडचा तिकडे झाला की बेरीज ३ किंवा ४ ने हलते. म्हणून ४ किंवा त्याहून कमी फरक म्हणजे बरोबरी धरा.

वजन बदलून पाहणं हीसुद्धा एक तपासणी आहे. व्यवहार्यतेला ३ आणि नावीन्याला ४ केलं तर माठ ३३, दही ३०. क्रम तोच राहिला, कारण दोघांचे या दोन निकषांतले गुण सारखेच आहेत. सगळा फरक आवडीच्या एका गुणाचा आहे आणि तो गुण तिनेच स्वतःला दिलेला. अशा वेळी आकडे घासत बसण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: दोन दिवसांची चाचणी

बरोबरीतल्या प्रत्येक विषयाचा एक छोटा प्रयोग दोन दिवस करा. निष्कर्ष काढायचा नाही, काय अडतं एवढंच पाहायचं.

दह्यात २०० मिलिलिटर कोमट दूध आणि एक चमचा विरजण घेऊन दोन गाडगी लावली. दही लागलं की नाही हे बघायला तिने दर तासाला गाडगं तिरकं केलं, आणि हलवल्यामुळेच निवळी सुटली. म्हणजे बघण्यासाठी वेगळी आणि मोजण्यासाठी वेगळी गाडगी हवीत. प्रत्येक प्रकारची किमान तीन मोजायची आणि एक बघायचं, अशी आठ. त्यांत वर्षभर वापरलेली एकसारखी चार गाडगी एका घरात मिळेनात. साधनाचा गुण ३ वरून २ वर आला, म्हणून व्यवहार्यता २ आणि एकूण २६.

माठात पहिल्या दिवशी वजन फारसं घटलंच नाही. कोरडी माती आधी पाणी पिते, आणि बाहेरची बाजू ओली झाल्याशिवाय तिथून पाणी उडत नाही. ते प्यालेलं पाणी माठातच असतं, म्हणून काट्यावर काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी न रंगवलेल्या माठाचं वजन स्पष्ट कमी झालं. यावरून ठरलं की सगळे माठ एक दिवस आधी भिजवून मग मोजायला सुरुवात करायची. दुसरी अडचण तबकातल्या थेंबांची. माठ एकटा तोलला तर खाली गळलेलं पाणीही उडालेलं धरलं जातं, म्हणून तबकासकट तोलायचं. तिसरी अडचण काट्याची. मोठा माठ भरला की पाच किलोच्या पुढे जातो, म्हणून माठ दोन लिटरचेच. प्रत्येक प्रकारचे तीन, एकाच कुंभाराकडचे, एकाच खोलीत, तोंडाला सारखी झाकणं. या सगळ्या जुळवाजुळवीसह व्यवहार्यता ३ वरच राहिली.

आता ३३ आणि २६. सातचा फरक, म्हणजे बरोबरीच्या बाहेर.

## टप्पा ८: तक्ता वहीत लावा

पहिला चुकलेला तक्ता, दुरुस्त तक्ता आणि चाचणीनंतरचा तक्ता, तिन्ही तारखा घालून प्रकल्पवहीत चिकटवा. खोडलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा. "हाच विषय का घेतला?" असं परीक्षकांनी विचारलं की ते पान उघडून दाखवता येतं. त्या मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर २८ गुणांचे जिवाणू आहेत. त्यांच्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी लिहिलंय, "फ्रिजवर ठेवणार होते".